वाळूची उष्णता रात्री जाते कुठे?

प्रश्न: वाळवंटात दिवसा अंगाची लाहीलाही होते, मग रात्री हुडहुडी भरेल इतकी थंडी कशी पडते? दिवसभर तापलेल्या वाळूतली उष्णता जाते कुठे?

वर जाते, सरळ आकाशात. आणि मुळात ती साठलेली असते फारच थोडी. या दोन गोष्टी एकत्र आल्या की रात्र गारठते. यातली कुठलीही एक काढून घेतली, तर तीच वाळू रात्रभर उबदार राहते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. थरच्या वाळवंटात मे महिन्यात दिवसा 42 अंश आणि त्याच रात्री शून्य, असे होत नाही. जैसलमेरला मे महिन्यात रात्रीचे किमान तापमान 25-26 अंशांच्या आसपास असते. कडाक्याची थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा दिवसही साधारण 24 अंशांचाच असतो. पुस्तकात ‘दिवसा भट्टी, रात्री बर्फ’ असे वाचतो तेव्हा दोन ऋतू एकत्र केलेले असतात. खरा मुद्दा दिवस आणि रात्र यांच्यातल्या फरकाचा आहे. जैसलमेरला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हा फरक 15-16 अंशांचा असतो. ऑगस्टमध्ये मात्र तो 10-11 अंशांवर येतो. वाळू तीच, जागा तीच. बदलते ती हवेतली वाफ आणि ढग. दुबईला राहणारे मराठी लोक हे चांगले ओळखून असतात. आजूबाजूला वाळवंट असूनही ऑगस्टमधली रात्र 30 अंशांखाली जायला तयार नसते, कारण समुद्रावरची दमट हवा डोक्यावर बसलेली असते.

आता जमिनीकडे बघू. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, त्यामुळे उष्णता आत उतरतच नाही. दिवस-रात्रीचा चढउतार सुमारे 8 सेंटिमीटर खोलीवर एक-तृतीयांशाच्या जवळपास येतो आणि 30 सेंटिमीटरवर जवळजवळ संपतो. वर 40 अंशांचा फरक पडत असेल, तर फूटभर खाली तो जेमतेम एका अंशाचा राहतो. म्हणजे दुपारी पाय भाजणारी वाळू हा एक पातळ थर असतो. फुलक्यांचा पत्र्याचा तवा जसा भराभर तापतो आणि आच बंद केली की तितक्याच भराभर निवतो, तसाच हा प्रकार. शिवाय जमिनीत ओल नसल्यामुळे बाष्पीभवनात खर्च होणारी उष्णताही इथे खर्च होत नाही. सगळा भार त्या वरच्या थरावर आणि त्याला लागून असलेल्या हवेवर पडतो. ‘वाळू उष्णता लवकर सोडते’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. वरचा थर निवत असताना खालची उष्णता त्याच्या मदतीला वेळेवर पोहोचत नाही, ही खरी अडचण.

दुसरी बाजू आकाशाची. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकते. रात्री सूर्य नसतो, तरी जमिनीचे हे देणे चालूच असते. उलट दिशेने हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग तसेच किरण खाली पाठवतात. हवा दमट असेल तर परतफेड भरपूर होते. कोरड्या हवेत 8 ते 13 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात जवळपास काहीच अडवायला नसते, आणि जमिनीचा सर्वाधिक उत्सर्ग नेमका याच पट्ट्यात असतो. हे पाहायचे असेल, तर बाजारात मिळणारी इन्फ्रारेड तापमापक बंदूक रात्री डोक्यावर सरळ आकाशाकडे धरा. तिचा संवेदक साधारण याच पट्ट्यात बघतो. कोरड्या निरभ्र रात्री आकडा उणे 20-30 किंवा त्याच्याही खाली जातो. काही बंदुका मोजमापाच्या बाहेर गेल्यावर नुसते `Lo` दाखवतात. खाली आलेल्या पावसाळी ढगाकडे धरली, तर तीच बंदूक शून्याच्या बरीच वर असते.

जानेवारीतली एक रात्र घेऊ. जैसलमेरजवळ मावळतीला वाळूचा पृष्ठभाग 22 अंशांवर आहे, हवा 20 अंशांवर, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो, 2 अंशांच्या आसपास, ढग नाहीत, वारा नाही. वाळू दर चौरस मीटरला सुमारे 430 वॅट वर पाठवते आणि इतक्या कोरड्या आकाशाकडून सुमारे 290 वॅट परत येतात. म्हणजे सुरुवातीला तोटा 140 वॅटचा. पृष्ठभाग निवत गेला की तोटाही कमी होतो आणि थोडी भरपाई हवेकडून मिळते. त्यामुळे जमिनीच्या साठ्यातून रात्रभर सरासरी 60 वॅट जातात असे धरू. 12 तासांत पृष्ठभाग किती उतरेल, याचा ढोबळ अंदाज असा काढतात:

ΔT = (2/√π) × (R/μ) × √t

इथे R म्हणजे हा सरासरी 60 वॅटचा तोटा, t म्हणजे सेकंदांत वेळ आणि μ म्हणजे ती जमीन किती सहज उष्णता घेते-देते याचे माप. कोरड्या वाळूसाठी μ सुमारे 620 आणि पाण्याने भरलेल्या वाळूसाठी 2550 असतो. आकडे घातले की कोरडी वाळू 23 अंशांनी उतरते, म्हणजे उणे 1 वर पोहोचते. ओली वाळू फक्त साडेपाच अंशांनी उतरते आणि पहाटेलाही 16 च्या वर राहते. आकाश तेच, तोटा तोच. सूत्रात तोटा स्थिर धरला आहे, म्हणून दशांशापर्यंत विश्वास ठेवू नये, पण चौपटीचा फरक खरा आहे.

या उतरणीला दमट प्रदेशात आणखी एक ब्रेक लागतो, तो दवाचा. पृष्ठभाग दवबिंदूपर्यंत उतरला की वाफेचे पाणी होऊ लागते आणि दर ग्रॅमला सुमारे 2500 जूल उष्णता सुटते. चौरस मीटरवर नुसते 100 ग्रॅम दव पडले, तरी 60 वॅटचा तोटा एक तास दहा मिनिटे भरून निघतो. कोकणात हा ब्रेक संध्याकाळी लवकरच लागतो. वरच्या उदाहरणात मात्र दवबिंदू 2 अंशांवर असल्याने वाळूला तिथपर्यंत मोकळे रान मिळते. म्हणूनच हवामानाच्या ॲपवर संध्याकाळचा ‘ड्यू पॉइंट’ बघणे हा पहाटेच्या किमान तापमानाचा सगळ्यात सोपा अंदाज. हवा फार कोरडी नसेल, तर शांत, निरभ्र रात्री ती बहुधा त्याच्या आसपास येऊन थांबते. वारा सुटला किंवा ढग आले की हा अंदाज चुकतो.

वाऱ्यामुळे रात्र ‘जास्त थंड’ होते असे वाटते, पण तापमापकाचे म्हणणे उलटे असते. शांत रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत गार आणि वर चढावे तशी ती उबदार होत जाते. वारा हे थर ढवळतो आणि वरची ऊब खाली आणतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर जाळीदार पेटीत असतो, म्हणून तो 3-4 अंश दाखवत असताना राजस्थानातल्या चुरूच्या शेतातल्या गवतावर दव गोठलेले दिसू शकते. यात चूक कुणाचीच नसते. दोन वेगळ्या उंचींवरची ती मोजणी असते.

याच तत्त्वावर पूर्वी बर्फ केला जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली अलाहाबादकडची पद्धत लिहून ठेवली आहे. जमिनीत उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे जाड पसरायची आणि त्यावर पाणी भरलेली उथळ मातीची भांडी मांडायची. चिपाडांमुळे खालून जमिनीची ऊब येत नाही, वरून आकाश उष्णता काढून घेते, आणि आसपासची हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाण्यावर बर्फ धरतो. इराणच्या वाळवंटी भागातही उथळ हौदांत असाच बर्फ करून यखचाल नावाच्या घुमटाकार बर्फघरात साठवत. दोन्ही ठिकाणी ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री काम फसते, आणि वर दिलेल्या हिशेबावरून ते का, हे कळते.

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत राहायला जाणार असाल, तर एवढे पाहा. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत झोपू नका, कारण गार हवा जड असते आणि उतारावरून ओघळून तिथेच साचते. थोडे वर, पण माथ्याच्या खाली जागा घ्या. डोक्यावर काहीतरी आडोसा हवाच. खेजडीचे झाड किंवा नुसती ताडपत्री असली तरी आकाशाकडे जाणारा बराच उत्सर्ग तिथे अडतो. आणि पांघरूण जाड घेताना अंथरुणाकडे दुर्लक्ष करू नका. वरचा थर अंगाखालून उष्णता ओढत राहतो, म्हणून खाली फोमची चटई हवी. गंमत म्हणजे पहाटे हात फूटभर वाळूत खुपसला तर आत चांगली ऊब लागते.

निफाडकडचे द्राक्ष बागायतदारही डिसेंबर-जानेवारीत याच कोरड्या, शांत रात्रींना तोंड देतात. थंडीची लाट आली की तिथे बागेला पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात. पाणी का लागू पडते ते वरच्या ओल्या वाळूच्या आकड्यांत आहे. भर मात्र पहाटेच्या पाण्यावर नको. आदल्या दिवशी जमीन भिजवली तर ती दिवसाची ऊब साठवते. धुराबद्दल माझे मत वेगळे आहे. धुराचे कण बहुतांश एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि 10 मायक्रॉनच्या किरणांना ते फारसे अडवत नाहीत. फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि तिने हवा ढवळली जाते त्याचा. त्यामुळे ओला पालापाचोळा टाकून नुसता धूर करण्यापेक्षा कोरड्या लाकडाच्या छोट्या छोट्या शेकोट्या अनेक ठिकाणी पेटवलेल्या बऱ्या.