सातवाहनांचे साम्राज्य आणि व्यापारी मार्ग नकाशावर बिनचूक कसे दाखवायचे?

प्रश्न: कोऱ्या नकाशावर सातवाहनांचं साम्राज्य आणि व्यापारी मार्ग दाखवायला सांगतात. गावं भलतीकडेच पडतात आणि सीमा कुठे ओढायची ते कळत नाही. काय करू?

उत्तर: गावं टाकण्याआधी गोदावरी काढा. २० अंश उत्तर अक्षांश पश्चिम किनाऱ्याला डहाणूजवळ लागतो. त्याच रेषेवर थोडं आत गेलात की नाशिक. तिथून नदी आग्नेयेला उतरवत काकीनाड्याच्या खाली समुद्राला मिळवा.

आता मुंबई ते नाशिक हे सरळ अंतर, सुमारे १५० किलोमीटर, माप म्हणून धरा. नाशिकपासून नदीकाठाने त्याहून किंचित जास्त गेलात की पैठण. पैठणपासून तेवढंच अंतर दक्षिण-आग्नेयेला तेर. इथे खूप जण फसतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे असं म्हटलंय. ती दिशा शब्दशः घेतली तर तुमचं तेर परभणीच्या आसपास जाऊन पडेल.

मार्ग मात्र वर्ष पाहिल्याशिवाय ओढू नका. तेर, पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण ही एक वाट. कल्याण उल्हास खाडीच्या आतल्या टोकाला येतं, समुद्रावर नाही. सोपारा वसईच्या खाडीच्या उत्तरेला. दुसरी वाट पैठणहून वायव्येला भरुचला जाते आणि भरुच नर्मदेच्या मुखाशी आहे, तापीच्या नव्हे. 'पेरिप्लस'च्या काळात कल्याणचा व्यापार अडवला गेला होता आणि तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात. म्हणून प्रश्न त्या काळाचा असेल तर ठळक रेघ भरुचची आणि कल्याणची तुटक. मला हा फरक गावाच्या ठिपक्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सीमेचंही तसंच. गौतमीपुत्र सातकर्णीचा काळ दिला असेल तर नाशिकच्या लेण्यातला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख कामाला येतो. त्यात मुलक, अश्मक, विदर्भ, अपरांत, अनूप, आकरावंती, सुराष्ट्र अशी प्रदेशांची नावं आहेत. म्हणजे पैठणचा परिसर, विदर्भ आणि कोकण तर आत हवेतच, पण सीमा नर्मदा ओलांडून माळव्यापर्यंत आणि सौराष्ट्रापर्यंत जायला हवी. इ.स. १५० विचारलं असेल तर हाच नकाशा चुकीचा ठरतो. क्षत्रप राजा रुद्रदामनच्या जुनागढच्या लेखात माळवा, सौराष्ट्र आणि अपरांत त्याच्या ताब्यात आहेत, तेव्हा ही सगळी पट्टी क्षत्रपांच्या रंगात जाते. कोकणातलं सोपाराही त्यांच्याच बाजूला येतं, पैठण मात्र सातवाहनांकडेच राहतं.

नेमकी हद्द कुठल्याच लेखात मोजून दिलेली नाही, म्हणून सीमा तुटक ठेवा, आतला भाग फिक्या रेघांनी भरा आणि शीर्षकात राजाचं नाव किंवा वर्ष न चुकता लिहा.