पोर की पारा? आधी ‘साठी’ सोडा

*प्रश्न: स्पॅनिशमध्ये पोर आणि पारा यांत माझा कायम गोंधळ होतो. ‘साठी’ला नक्की कुठला शब्द? याद्या पाठ करून कंटाळा आला.*

‘साठी म्हणजे पारा’ असं शिकवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहायला बसलो.

पुण्यात क्लासला जायचो तेव्हा माझा भाऊ एका स्टेशनरीच्या दुकानात कामाला होता. तो तापाने पडला आणि त्याच्या जागी मी काउंटरवर उभा राहिलो. त्या दिवसाबद्दल वर्गात लिहिलं : ‘ओय त्राबाखो पोर मी एर्मानो.’ मॅडमनी पोरवर लाल काट मारली आणि वर पारा लिहिलं. म्हटलं, "मॅडम, मी त्याच्याऐवजी काम करतोय." तर म्हणे, "भावासाठीच ना? मग पारा." अहो, पारा घातलं की भाऊ माझा शेठ होतो आणि मी त्याचा नोकर! मराठीत दोन्ही अर्थांना ‘भावासाठी’ खपतं, इंग्रजीतही एकच शब्द चालतो. घोळ तिथेच आहे. आपण स्पॅनिश वाक्य बघतच नाही, ‘साठी’ बघतो.

मी असं ठरवतो. पुढे जे नाम येतं ते क्रियेच्या पुढे आहे का, म्हणजे क्रिया तिथे जाऊन पोचणार आहे का? ज्याला वस्तू मिळणार तो माणूस, गाठायचं ठिकाण, शेवटची मुदत, हेतू : हे सगळं पारा. सोमवारपर्यंत हवंय, तर ‘पारा एल लुनेस’. आणि ते मागे किंवा मधे असेल, म्हणजे कारण, वाट, मोबदला, ज्याची जागा घेतली तो, तर पोर. ‘ग्रासियास पोर तोदो’मध्ये आभारांचं कारण आधीच घडून गेलंय.

सायकलवर करून बघा. ‘200 एउरोस पोर ला बिसी’ म्हणजे सायकल घेतली, तिच्या बदल्यात 200 युरो दिले. ‘200 एउरोस पारा ला बिसी’ म्हणजे पैसे अजून खिशात आहेत, सायकलवर खर्च व्हायचेत. तसंच माद्रिदला निघालात तर पारा, माद्रिदवरून जाताय तर पोर.

‘स्वातंत्र्यासाठी लढणं’ला मात्र पोर लागतं. स्वातंत्र्य पुढे दिसतं हे खरं, पण स्पॅनिश माणूस त्याला लढायला लावणारी प्रेरणा मानतो. ‘बोय पोर पान’, पाव आणायला जातो, हे या कसोटीत बसत नाही. स्पेनमध्ये तर तिथे ‘आ पोर’ म्हणतात. ‘परदेशी असून बरं बोलतो’ यातला पारासुद्धा वेगळाच. अशी मोजकी वाक्यं पाठच करा. पण आधी ‘साठी’ची यादी फाडा, आणि तुमच्याही मॅडम काट मारत असतील तर त्यांना विचारा, भाऊ शेठ आहे की आजारी?