ग्रुपवरची खेचाखेची पर्सनलवर नेताना

प्रश्न : ताई, आमचा १४ जणांचा ट्रेकचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातल्या एका मुलीशी माझी हल्ली भारी खेचाखेची चालते, ती पण तोडीस तोड उत्तरं देते. आता बाकीचे पॉपकॉर्नचे जिफ टाकायला लागलेत. पर्सनलवर मेसेज केला तर ऑकवर्ड होईल का? – पुणे

मेसेज केल्याने नाही होत रे, ग्रुपवर "चल पर्सनलवर ये" लिहिलंस की होतं, कारण मग तिला बारा जणांसमोर हो किंवा नाही म्हणावं लागतं आणि दोन्हीत तिचीच पंचाईत. त्यामुळे जाहीर काही करायचंच नाही.

तिचा एखादा ताजा मेसेज दाबून धर, मेन्यूत Reply privately दिसेल. त्याने तिचं तेच वाक्य वर कोट होऊन तुमच्या दोघांच्या चॅटमध्ये येतं आणि ग्रुपला पत्ताही लागत नाही. याचा फायदा असा की "हाय, काय करतेस" असली कोरडी सुरुवात करावी लागत नाही, विषय आधीच हातात असतो. समज ती म्हणाली, "चहा जमत नाही आणि म्हणे ट्रेक लीडर." तर तू लिही : "चहाचा आरोप अमान्य 😄 तिकडे सगळे पिक्चर बघायला बसलेत म्हणून इथे लिहितोय, चालेल ना?" एवढंच. शेवटचं "चालेल ना" गाळू नकोस, तिला नाही म्हणायला तीच जागा आहे. वेळ त्याच संध्याकाळची बघ, रात्री साडेबाराला तोच मेसेज वेगळा वाचला जातो.

मग थांब. तिने मोकळेपणाने लिहिलं, उलट प्रश्न विचारला तर गाडी रुळावर. नुसतं "हाहा" आलं, किंवा तुझ्या पर्सनल मेसेजचं उत्तर तिने ग्रुपवर दिलं, तर तिला हे सगळ्यांसमोरच ठेवायचंय असं समज आणि परत विचारू नकोस. ग्रुपवर आधीसारखाच वाग, फुगून बसलास तर तेवढ्यावरूनच सगळ्यांना कळेल. आणि पर्सनलवर जमलं तरी ग्रुपवरून एकदम गायब होऊ नका दोघं, रविवारी किती वाजता निघायचं यावर तरी बोलत रहा, अचानक शांतता झाली की मित्रमंडळींना लगेच वास येतो.

एक अट मात्र आहे. नंबर ग्रुपमुळे सगळ्यांना दिसतो, तिने तो तुला दिलेला नसतो. प्रत्यक्ष कधी धड बोलला नसाल तर आधी ट्रेकला बोल, मग मेसेज.

प्रश्न : माझी उलटी केस आहे. कॉलेजच्या ग्रुपवर एक मित्र सारखा माझ्याशी फ्लर्ट करतो. मला राग येत नाही पण पुढे काही हवंय का तेही ठरत नाहीये, आणि ग्रुपवर माझी चुलत बहीण आहे, विषय घरी पोचेल. त्याचा पोपट न करता कसं सांगू? – नाशिक

पर्सनलवरच सांग आणि एकाच मेसेजमध्ये : "ए, तुझे जोक मला खटकत नाहीत, पण ग्रुपवर ताई आहे, तिथे माझं नाव घेऊन नको प्लीज." बघ, यात "इथे बोल" कुठेही नाही. ते लिहिलंस की त्याला आमंत्रण वाटणार, आणि तुझं तर अजून ठरलेलं नाही. ठरलं की दुसऱ्या दिवशी लिही, घाई काय आहे.

त्यानंतरही त्याने ग्रुपवर सुरू केलं तर तिथे हजरजबाबीपणा दाखवायचा नाही, हार्टही टाकायचं नाही. रिअ‍ॅक्शनवर टॅप केलं की कोणी दिली त्याचं नाव ताईलाही दिसतं. तू पर्सनलवर नको म्हणालीस आणि ग्रुपवर हसलीस तर त्या बिचाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

पुढे पर्सनलवर गप्पा सुरू झाल्याच तर ते चॅट लॉक कर, म्हणजे घरी फोन टेबलावर पडला असताना नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर झळकत नाही.

प्रश्न : तिच्यासाठी लिहिलेला मेसेज चुकून मित्रांच्या ग्रुपवर गेला!! डिलीट केला पण दोघांनी वाचला. आता? – ठाणे

पहिल्यांदा तिला सांग, आत्ता, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. काय गेलं ते शब्दशः सांग. मग ग्रुपवर एक ओळ, "चुकीच्या चॅटवर गेला, सॉरी," आणि विषय बंद. "भावाने फोन घेतला होता" वगैरे स्टोऱ्या नकोत, त्यावर आठवडाभर चेष्टा चालते. वाचलेल्या दोघांपैकी जो जवळचा असेल त्याला वेगळं सांग की तिचं नाव निघायला नको, दुसऱ्याला तोच आवरेल.

पुढच्या वेळी एवढं लक्षात ठेव की Delete for everyone च दाबायचं. गडबडीत Delete for me दाबलं तर मेसेज फक्त तुझ्या फोनमधून जातो, खाली काही सेकंद Undo दिसतं तेवढ्यात परत आणायचा. आणि तिच्या चॅटला वेगळा भडक वॉलपेपर लाव, टाइप करतानाच कळेल कुठे आहेस ते.