हात तिने सोडला तर तिथेच हिशोब मागू नकोस

अरे, परवा डब्याच्या वेळी तू सांगत होतास ना, गणपतीत आजोबांसमोर तू बायकोच्या खांद्यावर हात टाकलास, ती सरकली आणि तू सगळ्यांच्या देखत म्हणालास "एवढं काय, लग्न झालंय आपलं". तुम्हा दोघांत कोण बरोबर हे विचारू नकोस मला. तिला ज्या जागी नको वाटतं ती तुमची दोघांची हद्द, संपलं. आणि हद्दीबद्दल बोलायचं ते घरी.

मी हे का सांगतेय, तर आमच्याकडे उलटं होतं. आमचे हे मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर हात धरून बसायचे, आणि गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की सोडायचे. मला प्रचंड राग यायचा. एकदा जेवताना सासूबाईंसमोर मी बोलून गेले, "तुमच्या मुलाला माझी लाज वाटते." सगळे हसले. हे वरणभात कालवत राहिले, नंतर आठ दिवस पुरतं बोलले नाहीत. आता वाटतं मी तरी काय चूक होते, बाविशीतल्या मुलीला कोण समजावणार होतं? पण तो हशा मीच पिकवला होता, ते काही जात नाही.

चाळीत काय असतं माहितेय ना, गॅलरीत दहा दारं उघडी, हात धरला की संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर. त्यांना माझी लाज नव्हती रे, त्या दहा दारांची होती. तुझ्या बायकोलाही तसंच काही असेल, विचार. पण "तुला आवडतं का" असं मोघम नको, जागा धरून विचार: बॅण्डस्टँडला चालेल? लोकलमध्ये? तुझ्या माहेरी? माझ्या आजीसमोर? उत्तरं वेगवेगळी येतील, त्याला ढोंग म्हणू नकोस.

आणि बघायला शीक. खांदा ताठ होतो, हात नुसता पडून राहतो, पर्स मधे येते. तेवढं दिसलं की हात काढ, चेहरा न पाडता. आजीने काही म्हटलं तर तिच्यावर ढकलू नकोस, "माझंच चुकलं आजी" म्हण, विषय तिथेच मिटव. तुझी माणसं आहेत, तूच बोलायचं.

हां, मित्रांमध्येसुद्धा ती तुझी नवरा म्हणून ओळख करून द्यायला तयार नसेल तर ते वेगळं दुखणं आहे, त्यावर नंतर बोलू. तुझं ते नाहीये, मला माहितेय.

आणि परत सांगते, घरी. सगळे गेल्यावर. टॅक्सीतसुद्धा नको, ड्रायव्हर ऐकत असतो.

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, गॅलरीतली अर्धी दारं आता बंदच असतात. आमचे हे अजून गल्लीच्या तोंडाशी हात सोडतात. मी मुकाट्याने भाजीची पिशवी त्या हातात घेते.