राहिलेली गोळी आणि शौचाला काळं होणं: रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांविषयी

हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे मी अपिक्सॅबान सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता घेते. काल रात्रीची गोळी राहिली. पहाटे ३ ला जाग आल्यावर आठवलं, म्हणून सकाळी दोन एकदम घेतल्या. चाललं का?

नाही, पण घाबरून जाऊ नका. आज रात्री ८ ची गोळी घेऊ नका आणि उद्या सकाळी ८ पासून नेहमीप्रमाणे सुरू करा. दरम्यान कुठून रक्त आलं, किंवा तुमच्या मूत्रपिंडाचं काम आधीच कमी असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.

आता पुढच्या वेळेसाठी हिशेब सांगतो. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीला सहा तासांची सवलत असते. तुमची वेळ रात्री ८ ची, म्हणजे २ वाजेपर्यंत आठवलं असतं तर तेव्हाच घ्यायची होती आणि सकाळची गोळीही ठरल्या वेळी. ३ वाजता ती सवलत संपली होती. मग राहिलेली गोळी सोडून द्यायची आणि सकाळी ८ ला एकच घ्यायची. याच गटातल्या डॅबिगॅट्रानलाही हाच नियम लागू आहे.

यामागचं कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. या आजारात हृदयाचा डावा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं आणि तिथे झालेली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. जुन्या वॉरफरिनचा असर उतरायला काही दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी राहिली तरी गुठळीपासूनचं संरक्षण लगेच जात नाही. नव्या गोळ्यांचा असर साधारण एका दिवसात बराचसा ओसरतो. म्हणून इथे वेळ चुकवून चालत नाही, आणि दोन गोळ्या एकदम घेतल्याने मधली मोकळी गेलेली वेळही भरून येत नाही. पुढचे काही तास रक्तस्रावाचा धोका तेवढा वाढतो.

आई रिव्हरोक्साबॅन रोज रात्री ९ वाजता जेवणानंतर घेते. कधी विसरते, कधी घेतली की नाही हेच आठवत नाही. मग काय करायचं?

दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीला बारा तास मिळतात. म्हणजे सकाळी ९ पर्यंत आठवलं तर लगेच द्या आणि रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी द्या. त्यानंतर आठवलं तर मधली गोळी सोडा आणि थेट रात्रीची द्या. सकाळी देताना मात्र खाण्याबरोबर द्या. रिव्हरोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. गोळी रोज घेऊनही पुरेसं औषध रक्तात पोहोचत नसेल, तर बऱ्याचदा ती उपाशीपोटी घेतलेली असते, आणि हे कोणी विचारतही नाही.

‘घेतली की नाही’ हा प्रश्न जास्त अवघड आहे. गोळी दिवसातून दोनदाची असेल, तर शंका असताना दुसरी घेऊ नये, पुढच्या वेळेची वाट पाहावी. एकदाचीच असेल, तर उत्तर पक्षाघाताचा धोका आणि रक्तस्रावाचा धोका यांवर ठरतं, म्हणून आईच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून लिहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे वारांचे कप्पे असलेली डबी. रविवारी भरायची. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली. फक्त डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल अशा डबीत काढून ठेवू नका, दमट हवेत त्या खराब होतात. कॅप्सूल उघडून आतले दाणेही कधी देऊ नका, औषध ठरल्यापेक्षा खूप जास्त शोषलं जातं.

दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर निळे डाग पडतात. चार दिवस गोळी बंद ठेवू का?

स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा नको. मऊ ब्रश वापरा, दातांच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा आणि पुढच्या भेटीत हे सांगा. घोणा फुटला तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडू नका. मध्ये मध्ये सोडून बघितलं की जमलेलं रक्त पुन्हा सुटतं. तेवढ्या वेळानेही थांबलं नाही तर रुग्णालयात जा.

वडील डॅबिगॅट्रान घेतात. तीन दिवसांपासून शौचाला काळं होतंय. लोहाच्या गोळ्याही चालू आहेत, म्हणून दुर्लक्ष केलं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकही घेतायत.

हे वाचत असाल तेव्हाच त्यांना घेऊन निघा. पुढची डॅबिगॅट्रान रुग्णालयात विचारल्याशिवाय देऊ नका आणि डायक्लोफिनॅक आत्ताच बंद करा.

लोहाने शौचाला काळपट-हिरवं होतं, पण ते बांधलेलं असतं आणि वास नेहमीचाच असतो. पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखं काळं, चकचकीत आणि चिकट होतं, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतं, आणि वास इतका उग्र येतो की एकदा आला की माणूस विसरत नाही. सोबत उठल्यावर गरगरणं, चेहरा पांढरा पडणं, दोन पायऱ्या चढताच धाप लागणं, छातीत धडधडणं असेल तर रक्त बरंच गेलंय. गाडी स्वतः चालवू देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, शौचातून लाल रक्त, गडद लाल लघवी, खोकल्यातून रक्त, हेही त्याच घाईचं.

डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन जठराच्या अस्तराला इजा करतात, मूत्रपिंडावरही ताण आणतात. डॅबिगॅट्रान मुख्यतः मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं की नेहमीचाच डोस जास्त होतो. वडिलांच्या बाबतीत एकाच वेळी दोन्ही बाजूंनी धोका वाढला असू शकतो. तिथे हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन लगेच तपासतील. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब नावाचा उतारा आहे आणि गंभीर रक्तस्रावात तो देता येतो. रक्तस्राव आटोक्यात आल्यावर गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे तिथेच विचारून घ्या. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित.

सासरे न्हाणीघरात पडले, डोक्याला टेंगूळ आलंय. बोलतायत, जेवलेत, बरं वाटतंय म्हणतात. अपिक्सॅबान घेतात. थांबून बघू का?

थांबू नका, आत्ताच रुग्णालयात नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन करायचा का ते ठरवू द्या. या गोळ्यांवर असताना कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं, आणि सुरुवातीला माणूस अगदी नीट असतो. स्कॅन साफ आला तरी पुढचे काही दिवस वाढती डोकेदुखी, उलटी, पेंग, चालताना झोक जाणं यांकडे लक्ष ठेवा, आणि काही दिसलं तर पुन्हा न्या. चेहरा एका बाजूला वाकडा होणं, हात न उचलणं, बोबडं बोलणं दिसलं, तर पडलेले असोत वा नसोत, एक मिनिटही घालवू नका. तो गुठळीचा पक्षाघात असू शकतो किंवा मेंदूतला रक्तस्राव, आणि घरी बसून फरक कळत नाही.

निघताना गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहा. दोन तासांपूर्वी घेतली की काल रात्री, यावर तिथले पुढचे उपचार ठरतात, आणि धावपळीत हेच कोणाला सांगता येत नाही.