पोर्तुगीज मृत्युपत्राचा अनुवाद: आईचा अर्धा भाग वारशात मोजू नका

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही मूळचे फोंड्याचे. वडिलांनी १९६१ साली नोटरीसमोर पोर्तुगीज भाषेत मृत्युपत्र केले. शेवटपर्यंत ते गोव्यातच राहिले आणि १९९६ साली वारले. आई हयात आहे, आम्ही तीन भावंडे. फोंड्याचे घर आणि गिरगावचा फ्लॅट, दोन्ही लग्नानंतर वडिलांच्या नावे घेतलेले. गोव्यात इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचे न्यायालयीन काम, चालू आहे. मुंबईत प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्यासाठी, इंग्रजी अनुवाद करून घेतला. त्यात आईचा ‘वारशातील अर्धा हिस्सा’ आणि आई ‘एक्झिक्युटर’ असे आले आहे. हा अनुवाद चालेल का?

उत्तर : हा अनुवाद दाखल करू नका. त्यातल्या दोन्ही चुका हिशेब आणि अर्जाचा प्रकार बदलून टाकतात.

पहिली चूक मोठी आहे. मूळ मृत्युपत्रात तिथे ‘मेआसांव’ हा शब्द असणार. विवाहपूर्व करार झाला नसेल तर गोव्याच्या कायद्यानुसार लग्नानंतरची मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते, आणि तिचा अर्धा भाग हा पत्नीचा स्वतःचा असतो. तो तिला नवऱ्याच्या मृत्यूमुळे मिळत नाही, आधीपासूनच तिचा असतो. मराठीत यासाठी एकच नेमका शब्द नाही आणि इंग्रजी ‘इनहेरिटन्स’ तर सरळ चुकीचा आहे. गोव्याच्या न्यायालयांत रूढ असलेला ‘मोयटी’ हा शब्द ठेवावा.

हिशेबात काय होते ते पाहा. समजा घर आणि फ्लॅट मिळून किंमत १ कोटी २० लाख. आईचे ६० लाख आधी बाजूला काढायचे. उरलेले ६० लाख हीच वडिलांची मालमत्ता. त्यातला अर्धा भाग, म्हणजे ३० लाख, मुलांसाठी राखीव असतो. त्याला ‘लेजितिमा’ म्हणतात आणि मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. तुम्हा प्रत्येकाला त्यातले १० लाख. उरलेले ३० लाख वडील हवे त्याला देऊ शकत होते. समजा, ते थोरल्याला दिले, तर त्याचे ४० लाख होतात. आता आईचा भाग वारसा म्हणून वाचला की सगळे १ कोटी २० लाख वडिलांची मालमत्ता ठरतात, त्यातले ६० लाख इच्छेप्रमाणे देता येण्याजोगे वाटतात, आणि आईच्या मालकीचे पैसे मुलांच्या वाटणीत मोजले जातात. मुंबईच्या अर्जातील मालमत्तेच्या यादीतही फ्लॅट पूर्ण दाखवला जातो, जेव्हा वडिलांचा त्यात अर्धाच भाग आहे. फ्लॅटच्या करारावर फक्त वडिलांचे नाव असल्याने हे बदलत नाही. गोव्यात अधिवास असलेल्यांच्या गोव्याबाहेरील भारतातल्या मालमत्तेलाही पोर्तुगीज दिवाणी संहिताच लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जोस पाउलो कुतिन्हो खटल्यात दिला आहे.

दुसरी चूक ‘काबेसा द कझाल’ची. शब्दशः अर्थ घेतला तर ‘कुटुंबप्रमुख’, तुमच्या अनुवादकाने ‘एक्झिक्युटर’ केले. इन्व्हेंटरीत मालमत्तेची यादी देणारी आणि वाटणी होईपर्यंत ती सांभाळणारी ती व्यक्ती. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यासाठी पोर्तुगीजमध्ये ‘तेस्तामेंतेइरू’ हा वेगळा शब्द आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २२२ प्रमाणे प्रोबेट मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. ती नेमणूक स्पष्ट शब्दांत किंवा आशयातून दिसावी लागते. म्हणून मूळ मजकूर पुन्हा पाहा. आईने देणी फेडावीत, वाटप करावे अशी कामे त्यात सोपवलेली असतील तर आशयातून नेमणूक झाल्याचे मांडता येईल. नसतील तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्र जोडलेल्या ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’साठी, म्हणजे मालमत्तेच्या व्यवस्थापनाच्या न्यायालयीन अधिकारपत्रासाठी, अर्ज करावा लागेल. चुकीच्या शब्दावर अर्ज उभा केला आणि भावंडांपैकी कोणी मूळ पोर्तुगीज प्रत पुढे केली, तर अर्जच अडचणीत येतो.

नवा अनुवाद नोटरीच्या पुस्तकातल्या नोंदीच्या प्रमाणित प्रतीवरून, थेट पोर्तुगीजमधून करून घ्या. आधीच्या इंग्रजीवरून दुरुस्ती करू नका. ज्या शब्दांना प्रतिशब्द नाही ते मजकुरात जसेच्या तसे ठेवावेत, आणि अर्थ तळटीपेत द्यावा. अर्थ मजकुरातच मिसळला तर मृत्युपत्र काय म्हणते आणि अनुवादक काय म्हणतो, हे कळेनासे होते. पुस्तकाचा व पानाचा क्रमांक, साक्षीदार, शिक्के आणि समासातल्या नोंदी यांचाही अनुवाद हवा. मृत्युपत्र नंतर रद्द झाले असेल तर ते समासात सापडू शकते. वाचता न येणाऱ्या जागी ‘अवाचनीय’ लिहावे, अंदाज भरू नये.

कलम २७७ प्रमाणे, न्यायालयाने त्या भाषेसाठी अनुवादक नेमलेला असेल तर अनुवाद त्याच्याकडूनच लागतो. नसेल तर जाणकार व्यक्तीचा चालतो, पण मूळ भाषा व लिपी आपण वाचतो, पूर्ण समजतो आणि अनुवाद खरा व अचूक आहे, असे तिने खाली लिहून सही करावी लागते. तुमच्या भाषांतरावर ही घोषणा आहे का ते पाहा. नुसता एजन्सीचा शिक्का पुरत नाही. आईवडिलांच्या विवाहनोंदीचा उतारा आणि विवाहपूर्व करार असल्यास त्याची प्रतही काढून ठेवा. करार वेगळा निघाला तर वरचा मोयटीचा हिशेब बदलेल.