टोन-डेफ: बेसूर, सूरबधिर की आणखी काही?

प्रश्न: 'टोन-डेफ' माणसाला मराठीत काय म्हणावं? 'बेसूर' चालेल का? एका लेखात 'सूरबधिर' वाचलं, पण असा माणूस बहिरा कुठे असतो?

'बेसूर' नको. हा शब्द गळ्याचा आहे, कानाचा नाही. गाणं बेसूर असतं, गाणारा बेसूर असतो. 'तो बेसूर ऐकतो' असं कोणी म्हणत नाही. शिवाय बेसूर गाणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्याचा चुकलेला सूर बरोबर कळतो. त्यांची अडचण ऐकलेला सूर गळ्यातून काढण्याची असते. स्वतःला टोन-डेफ म्हणवून घेणारे पुष्कळ जण याच गटातले निघतात. आपण थट्टेत 'औरंगजेब' म्हणतो, पण त्यात गाण्याची नावड येते, आणि इथे आवडीनावडीचा संबंध नाही.

खरा टोन-डेफ म्हणजे ज्याला जन्मापासून सुरांतला फरक जाणवत नाही. कान तपासले तर ठीक असतात, बुद्धी चांगली असते, बोलण्यात अडचण नसते, पण ओळखीची चाल शब्द काढून नुसती वाजवली तर ओळखता येत नाही. ग्रँट अॅलन यांनी 1878 मध्येच अशा एका सुशिक्षित तरुणाचं वर्णन केलं होतं. 'अम्युझिया' हा वैद्यकातला शब्द 1888 मध्ये नोब्लाउख यांनी आणला. पक्षाघातानंतर संगीत कळेनासं होतं त्यालाही अम्युझियाच म्हणतात, म्हणून मागे 'जन्मजात' लावावं लागतं.

आता 'सूरबधिर'. माणूस बहिरा नसतो हा तुमचा आक्षेप मला तेवढा पटत नाही. रंगांध माणूस तरी कुठे आंधळा असतो? समासात असं चालतं. माझी अडचण वेगळी आहे. रंगांधतेत बहुतेक वेळा दोष डोळ्याच्या पडद्यावरच्या शंकूपेशींत असतो, म्हणजे माहिती दारातच अडते. 'बधिर' म्हटलं की तेच चित्र उभं राहतं: सूर आत शिरलाच नाही. संशोधन मात्र उलट सांगतं.

माँट्रियलमध्ये इझाबेल पेरेट्झ यांच्या गटाने 2002 पासून अशा लोकांचा पद्धतशीर अभ्यास केला. 2004 मधला क्रिस्टा हाइड आणि पेरेट्झ यांचा प्रयोग फार साधा आहे. एकाच सुराचे पाच ठोके ऐकवायचे. कधी पाचही सारखे, कधी चौथा थोडा वर किंवा खाली, तर कधी चौथा थोडा लवकर किंवा उशिरा. बदल झाला की नाही, एवढंच सांगायचं. पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर, काळी-पांढरी दोन्ही धरून, एक एकक माना. 440 हर्ट्झच्या सुराची पुढची पट्टी साधारण 466 हर्ट्झची असते. सर्वसाधारण माणसाला या अंतराच्या पाव भागाएवढा, म्हणजे 440 चा 446 झाल्याएवढा बदलही कळतो. अम्युझिया असलेल्यांची मात्र एका पट्टीहून लहान बदल आला की घसरगुंडी सुरू झाली. चौथा ठोका वेळेत चुकला की तो त्यांना इतरांइतकाच चटकन कळला. म्हणजे लक्ष नव्हतं किंवा चाचणीच समजली नाही, हे कारण तिथेच बाद होतं.

बोलण्यात हे लोक का अडखळत नाहीत, तेही यातून बरंच उलगडतं. 'तू आलास.' आणि 'तू आलास?' यांतला फरक शेवटच्या चढावर असतो आणि तो सहसा कित्येक पट्ट्यांचा असतो. हे दार मोठं आहे, सगळे त्यातून जातात. पण तेच चढउतार शब्द काढून नुसत्या सुरांत वाजवले तर अम्युझिया असलेले गोंधळतात. म्हणजे बोलताना त्यांना शब्दांचाही आधार मिळत असावा.

इथपर्यंत 'बधिर' तग धरतं. पुढचा प्रयोग ते मोडतो. 2009 मध्ये पेरेट्झ आणि सहकाऱ्यांनी डोक्याला विद्युत्‌संवेदक लावून चाली ऐकवल्या. काही चालींत एक सूर अर्ध्या पट्टीने हलवलेला होता, 440 च्या जागी 453 असावा तसा. आपण ज्याला कणसूर म्हणतो तो. विचारलं तेव्हा या लोकांना चूक सापडत नव्हती. मेंदूच्या आलेखात मात्र सुमारे 200 मिलिसेकंदांनी, मुख्यतः उजव्या बाजूला, इतरांसारखाच झटका उमटला. मेंदूने कणसूर पकडला होता! इतरांमध्ये त्यानंतर सुमारे 600 मिलिसेकंदांच्या आसपास दुसरी लाट येते. 'काहीतरी चुकलं' हे ध्यानात येण्याशी तिचा संबंध लावतात. अम्युझिया असलेल्यांत ती लाट आलीच नाही.

याच्याही पुढची गंमत सायकी लुई आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधल्या प्रयोगात आहे. दोन सूर ऐकवून दोन कामं दिली: ते गुणगुणून दाखवा आणि दुसरा वर गेला की खाली ते सांगा. टोन-डेफ लोकांची उत्तरं चुकली, पण गुणगुणताना गळा बहुधा योग्य दिशेने गेला. विचारलं तर 'माहीत नाही', आणि गळ्याला माहीत आहे.

मग बिघाड कुठे? सध्याचं चित्र असं की श्रवणकेंद्र आपलं काम बऱ्याच अंशी करतं, पण तिथून उजव्या कपाळामागच्या भागाकडे निरोप नीट पोचत नाही, किंवा तिथून उलटा येत नाही. 2011 मधल्या मेंदूच्या चित्रांत श्रवणकेंद्र सुरांच्या अंतराप्रमाणे कमीजास्त प्रतिसाद देताना दिसलं आणि कपाळामागचा भाग मात्र थंड. हे दोन भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याची एक शाखा टोन-डेफ लोकांत सापडतच नाही, असं 2009 मध्ये छापून आलं आणि ते फार गाजलं. त्यावर मी फार भार टाकणार नाही. ती शाखा दिसते की नाही, हे तंतू शोधायची कोणती गणितपद्धत वापरली यावर ठरतं, असं 2015 मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं.

तर शब्दाकडे. सूर पोचतो, नोंदलाही जातो, पण त्याची जाणीव होत नाही. लेख-अहवालासाठी मी 'जन्मजात स्वरभानदोष' सुचवेन. 'भान' इथे नेमकं बसतं. फक्त त्याला सुटं वापरू नका, कारण 'त्याला सुरांचं भान नाही' म्हटलं की मराठीत तो निष्काळजीपणाचा ठपका होतो.

आणि रोजच्या बोलण्यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. 'त्याला सूर ऐकू येत नाही' असं आपण म्हणतच नाही, म्हणतो 'त्याला सूर कळत नाही'. 'ऐकू येणं' आणि 'कळणं' ही दोन क्रियापदं भाषेने आधीच वेगळी ठेवलेली आहेत, 200 आणि 600 मिलिसेकंदांच्या त्या दोन लाटांसारखी.